चार लेव्हल लाइन, प्रत्येकीचा भरवसा वेगळा: नॉर्मल समीकरणांत वजन कुठे बसतं

प्रश्न: कोल्हापुरात नागाळा पार्कच्या नदीकडच्या अंगाला एका सोसायटीच्या जोत्याची पातळी काढतोय. दोन पक्के बेंचमार्क आहेत आणि चार लेव्हल लाइन, अर्ध्या किलोमीटरपासून चार किलोमीटरपर्यंत. मी AᵀAx = Aᵀb मांडून उत्तर काढलं. सर म्हणाले, वजनं घाल. वजनं घातली की ही समीकरणं नेमकी कशी बदलतात? जीपीएसने घेतलेली एक उंचीही आहे, ती यात टाकू का?

उत्तर:

तुमचे आकडे माझ्यासमोर नाहीत, म्हणून तुमच्यासारखंच एक जाळं मी हिशेबापुरतं मांडतो. यातल्या पातळ्या काल्पनिक आहेत, त्या खऱ्या बेंचमार्कच्या समजू नका.

क आणि ख हे पक्के बिंदू. क ची पातळी 550.000 मीटर, ख ची 547.140. काढायचे बिंदू दोन: प हा रस्त्याच्या कोपऱ्यावरचा आणि फ हा सोसायटीच्या जोत्यावरचा. चार लाइन अशा:

क ते प, 1 किमी, फरक −2.415 मीटर
प ते फ, 0.5 किमी, फरक −1.230
फ ते ख, 2 किमी, फरक +0.783
क ते फ, लांबच्या फेऱ्याने, 4 किमी, फरक −3.632

पहिल्या दोन लाइनवरून प ची कच्ची पातळी 547.585 आणि फ ची 546.355 येते. आता पूर्ण पातळ्या घेऊन गणित करण्याऐवजी या कच्च्या पातळ्यांत किती मिलिमीटरची दुरुस्ती हवी तेवढंच शोधू. प ची दुरुस्ती x, फ ची y. पहिल्या दोन लाइनवरूनच कच्च्या पातळ्या घेतल्या असल्यामुळे त्यांची समीकरणं x = 0 आणि y − x = 0 होतात. ख कडून उलटं आलं तर फ 546.357 येतो, म्हणजे y = 2. लांबच्या फेऱ्याने फ 546.368 येतो, म्हणजे y = 13. समीकरणं चार आणि अज्ञातं दोन. चारही एकदम खरी ठरवणारे x, y नाहीत, म्हणून तर लीस्ट स्क्वेअर्स.

वजनाकडे वळण्यापूर्वी लाइनचा भरवसा कशावर ठरतो ते बघू. ऑटो लेव्हलने 50 मीटरच्या साइट घेतल्या तर एका किलोमीटरला साधारण दहा सेटअप होतात. प्रत्येक सेटअपला बॅकसाइट आणि फोरसाइट वाचताना थोडी चूक होते, कधी वर, कधी खाली. या चुका एकमेकींवर अवलंबून नसतील तर त्यांची विचरणं, म्हणजे σ², बेरजेने वाढतात. लाइनची लांबी दुप्पट झाली की विचरण दुप्पट होतं आणि प्रमाण विचलन σ फक्त √2 पट. साध्या कामाला किलोमीटरला 4 मिलिमीटर धरले, तर आपल्या चार लाइनची विचरणं अनुक्रमे 16, 8, 32 आणि 64 चौरस मिलिमीटर येतात. चार किलोमीटरच्या लाइनचा σ 8 मिलिमीटर, अर्ध्या किलोमीटरच्या लाइनचा 2.8.

साधी लीस्ट स्क्वेअर्स ही चारही समीकरणं एकाच भावाने घेते. 2.8 मिलिमीटरवाल्या लाइनचा एक मिलिमीटर आणि 8 मिलिमीटरवाल्या लाइनचा एक मिलिमीटर तिच्या लेखी सारखेच. यावर उपाय असा की प्रत्येक समीकरणाला, डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना, त्याच्या स्वतःच्या σ ने भागायचं. भागल्यावर प्रत्येक समीकरणातली अपेक्षित चूक एकाच मापाची होते, आणि मग साधी लीस्ट स्क्वेअर्स लावायला काहीच हरकत उरत नाही. तुम्ही मांडलेल्या AᵀAx = Aᵀb मध्ये A च्या जागी σ ने भागलेला A ठेवा आणि b च्या जागी σ ने भागलेला b. Aᵀ मधून एक 1/σ येतो आणि A मधून दुसरा. मध्ये 1/σ² जमतात. त्यांचाच कर्णावर मांडलेला मॅट्रिक्स म्हणजे W:

```
AᵀWA x = AᵀW b
```

बदल एवढाच आहे. पण तो दोन्ही बाजूंना आहे, आणि वजन 1/σ² आहे, 1/σ नाही. लेव्हलिंगमध्ये त्याचा अर्थ वजन 1/लांबी, 1/√लांबी नव्हे.

आपल्या लाइनची वजनं 1/लांबीने 1, 2, 0.5 आणि 0.25 येतात. अपूर्णांक नकोत म्हणून सगळ्यांना 4 ने गुणू: 4, 8, 2, 1. सगळ्या वजनांना एकाच संख्येने गुणलं तर x, y बदलत नाहीत, कारण ती संख्या दोन्ही बाजूंतून निघून जाते. फक्त एवढं लक्षात ठेवा की आता वजन 1 म्हणजे 4 किमीची लाइन, तिचं विचरण 64. हे पुढे लागणार आहे.

ज्याला लहानात लहान करायचं ते असं:

```
4x² + 8(y − x)² + 2(y − 2)² + (y − 13)²
```

x ने आणि y ने विकलन करून शून्याला समान ठेवलं की नॉर्मल समीकरणं मिळतात:

```
 12x −  8y = 0
 −8x + 11y = 17
```

या आकड्यांकडे थोडं थांबून बघा. 12 म्हणजे प ला टेकलेल्या दोन लाइनच्या वजनांची बेरीज, 4 + 8. 11 म्हणजे फ ला टेकलेल्या तीन लाइनची, 8 + 2 + 1. −8 म्हणजे प आणि फ यांना जोडणाऱ्या लाइनचं वजन, ऋण चिन्हाने. उजवीकडचे 17 म्हणजे 2×2 + 1×13. लेव्हलिंगच्या जाळ्यात हे नेहमी असंच येतं, त्यामुळे मॅट्रिक्स न मांडताही नकाशावर बघून नॉर्मल समीकरणं लिहिता येतात. वजनं नसती तर कर्णावर नुसती लाइनची संख्या आली असती, 2 आणि 3, आणि मध्ये −1.

सोडवलं की x = 2, y = 3. म्हणजे प 547.587 आणि फ 546.358. तुम्ही केलंत तसं वजनांशिवाय सोडवलं तर x = 3, y = 6, म्हणजे फ 546.361. उत्तरांत फरक फक्त 3 मिलिमीटरचा.

आता नदीकाठच्या माणसाच्या नजरेने बघू. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. जोतं त्या मोजपट्टीच्या हिशेबात कुठे बसतं हे सांगायला 3 मिलिमीटरने काहीच बिघडत नाही. मग सर वजनांसाठी का अडून बसले? कारण उत्तराबरोबर आपण त्याची अनिश्चितताही देतो, आणि वजनं नसली की ती साफ चुकते.

वजनांसह अनिश्चितता काढायला (AᵀWA) चा व्यस्त लागतो. 12, −8, −8, 11 चा डिटरमिनंट 68, म्हणून व्यस्ताच्या कर्णावर 11/68 आणि 12/68. त्यांना एकक वजनाच्या विचरणाने, म्हणजे 64 ने गुणलं की प चा σ 3.2 मिलिमीटर आणि फ चा 3.4. वजनं 4 ने गुणली होती ती गोष्ट विसरून इथे 16 लावलेत, तर अनिश्चितता निम्मी दिसेल आणि कुणाला संशयही येणार नाही.

वजनांशिवायच्या हिशेबात पुस्तकी सूत्र प ला 5.0 मिलिमीटर देतं आणि फ ला 4.1. खरी लाइन-विचरणं घेऊन त्याच बिनवजनी उत्तराची अनिश्चितता तपासली तर प ला 3.3 येते आणि फ ला 4.0. बघा काय झालं. सूत्र सांगतं की फ जास्त पक्का, प्रत्यक्षात प जास्त पक्का. फ ला तीन लाइन टेकल्यात म्हणून सूत्राला तो बळकट वाटला, पण त्यातल्या दोन लाइन लांबच्या आणि कच्च्या आहेत हे त्याला कळायला मार्गच नव्हता. बिनवजनी उत्तर पक्षपाती नसतं, सरासरीने ते बरोबरच येतं. खोटं पडतं ते त्याच्या शेजारी लिहिलेलं ±.

सोडवल्यावर प्रत्येक समीकरणाच्या डाव्या आणि उजव्या बाजूत उरलेल्या फरकांतही हेच दिसतं. वजनांसह चार लाइनचे फरक 2, 1, 1 आणि −10 मिलिमीटर. वजनांशिवाय 3, 3, 4 आणि −7. नुसत्या वर्गांची बेरीज बिनवजनी उत्तरात 83, वजनी उत्तरात 106. पुष्कळजण हे बघून म्हणतात की बिनवजनी उत्तर जास्त चांगलं जुळलं. पण ते जुळलं कसं? चार किलोमीटरच्या लाइनची तूट थोडी भरून काढण्यासाठी अर्ध्या किलोमीटरच्या लाइनला 3 मिलिमीटर वाकवलं, जी तिच्या σ पेक्षा जास्त आहे. वजनी बेरीज घेतली तर हिशेब उलटतो: वजनी उत्तराची 126, बिनवजनीची 189.

ही 126 आणखी एका कामाची. समीकरणं चार, अज्ञातं दोन, म्हणून मोकळे अंश दोन. 126 ला 64 ने भागून 1.97 येतात, अपेक्षा 2 ची. म्हणजे किलोमीटरला 4 मिलिमीटर हा आपला अंदाज या मोजणीशी विसंगत नाही. त्यापेक्षा जास्त दावा करू नका. दोनच मोकळे अंश असताना हा आकडा 0.05 पासून 7.4 पर्यंत कुठेही आला तरी 95 टक्क्यांच्या आतच असतो. इतक्या छोट्या जाळ्यावरून σ ठरवता येत नाही. तो यंत्राच्या माहितीवरून आणि तुमच्या आधीच्या कामांच्या क्लोजरवरून आणावा लागतो.

म्हणूनच उरलेला फरक बघून वजन बदलण्याचा मोह कटाक्षाने टाळा. −10 दिसलं की चौथ्या लाइनचं वजन निम्मं करावंसं वाटतं. तसं केलं की ती लाइन आणखी दूर पडते, मग वजन आणखी कमी करावंसं वाटतं, आणि शेवटी आपल्याला आवडणाऱ्या लाइनच तेवढ्या उरतात. चौथीचा σ 8 आहे, 10 चा फरक तिथे मुळीच वावगा नाही. वजन फील्डबुकातून ठरवा, निकालातून नव्हे.

उत्तर बरोबर आलं की नाही याची एक तपासणी मी दर वेळी करतो आणि तुम्हालाही करायला सांगेन. प्रत्येक फरकाला त्याच्या वजनाने गुणा आणि प्रत्येक बिंदूपाशी चिन्हांसह बेरीज करा. ती शून्य यायलाच हवी, कारण या उरलेल्या फरकांना v म्हटलं तर नॉर्मल समीकरणांचा अर्थच AᵀWv = 0 असा आहे. प पाशी 4×2 − 8×1 = 0. फ पाशी 8×1 + 2×1 − 1×10 = 0. जमलं. आता समजा उजव्या बाजूला W घालायचा राहिला आणि तुम्ही AᵀWAx = Aᵀb सोडवलं. 17 च्या जागी 15 येतात, x = 1.76 आणि y = 2.65 निघतात. दिसायला अगदी पटण्यासारखे आकडे, नुसतं बघून चूक कधीच सापडणार नाही. ही तपासणी मात्र लगेच पकडते: फ पाशी बेरीज शून्याऐवजी −2 येते.

पायथनमध्ये करणार असाल तर एवढं पुरे:

```python
import numpy as np
A = np.array([[1,0],[-1,1],[0,1],[0,1]], float)
b = np.array([0,0,2,13], float)
w = 4/np.array([1,0.5,2,4])
N = A.T @ (w[:,None]*A)
x = np.linalg.solve(N, A.T @ (w*b))
v = A @ x - b
print(x, A.T @ (w*v))
```

तयार फंक्शन वापरताना वजन कोणत्या रूपात मागितलंय ते आधी वाचा. `np.linalg.lstsq` ला वजन घेताच येत नाही, तिथे A च्या ओळी आणि b दोन्हींना √w ने गुणून द्यावं लागतं. w ने गुणलंत तर वजन वर्ग होऊन बसतं, म्हणजे 8 चं 64. `np.polyfit` चा `w` 1/σ मागतो, तर `statsmodels` मधला `WLS` 1/σ². दोन्हीकडे एकच यादी दिलीत तर एका ठिकाणी उत्तर चुकणार, आणि कुठेही एरर येणार नाही.

आता तुमची जीपीएसची उंची. टाका, पण तिच्या खऱ्या वजनाने. जीपीएस लंबगोलावरची उंची देतो, समुद्रसपाटीची नाही. जिऑइड मॉडेल वापरून ती बदलावी लागते, आणि त्या मॉडेलची चूकही तिच्या σ मध्ये धरावी लागते. समजा सगळं धरून σ 32 मिलिमीटर आला आणि फ साठी y = 45 मिळाले. विचरण 1024, म्हणून आपल्या मापात वजन 64/1024, म्हणजे 1/16. नॉर्मल समीकरणांत फक्त दोन आकडे बदलतात: 11 चे 11.0625 होतात आणि 17 चे 19.8125. y येतो 3.5. उत्तर अर्धा मिलिमीटर सरकलं आणि फ चा σ 3.36 वरून 3.34 झाला. फायदा जवळपास नाहीच, पण नुकसानही नाही.

हीच उंची वजनांशिवाय टाकली तर y थेट 17.1 होतो. आणि त्या उत्तराची खरी अनिश्चितता 4.0 मिलिमीटरवरून 9.6 वर जाते. एक माप वाढवल्यावर उत्तर दुपटीहून जास्त बिघडलं. लाइनच्या लांबीत आठपट फरक होता तोवर वजनं न घालणं खपून गेलं. σ मध्ये दहापटीचा फरक आला की ते खपत नाही. लेव्हल आणि जीपीएस एकाच गणितात घेणार असाल तर वजनांशिवाय हातच लावू नका.

शेवटी W च्या आवाक्याबाहेरच्या गोष्टी. कर्णावरच आकडे असलेला W असं धरून चालतो की चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत. चारही लाइन एकाच स्टाफने मोजल्या असतील आणि त्या स्टाफच्या खुणांत मीटरला अर्धा मिलिमीटर चूक असेल, तर क पासून फ पर्यंतच्या साडेतीन मीटरहून थोड्या जास्त उतारात दोन्ही वाटांनी जवळपास 1.8 मिलिमीटरची सारखीच चूक येईल. दोन वाटा एकमेकींशी छान जुळतील आणि तरी दोन्ही चुकलेल्या असतील. ती थोडीफार उघडी पडते ती फक्त क आणि ख या दोन पक्क्या पातळ्यांमधल्या फरकाशी ताडून बघितल्यावर. तत्त्वतः अशा सामायिक चुका W मध्ये कर्णाबाहेरचे आकडे घालून मांडता येतात. तेव्हा W हा पूर्ण विचरण-मॅट्रिक्सचा व्यस्त असतो आणि नॉर्मल समीकरणांचं रूप तेच राहतं. अलेक्झांडर एटकेनने 1935 मध्ये हे मांडलं. पण रोजच्या कामात त्यापेक्षा स्टाफ तपासून घेणं आणि बॅकसाइट-फोरसाइटची अंतरं सारखी ठेवणं जास्त उपयोगी पडतं. कॉलिमेशनची चूक असमान साइटमुळे एकाच दिशेने साचत गेली तर ती लांबीच्या वर्गमुळाने नाही, थेट लांबीच्या प्रमाणात वाढते, आणि 1/लांबी हे वजन तिच्यासाठी नसतंच.

शिवाय लांबी ही सेटअपच्या संख्येची फक्त खूण आहे. चढ-उतारावर 50 मीटरच्या साइट मिळत नाहीत, 15-20 मीटरवरच स्टाफ संपतो, आणि एका किलोमीटरला पंचवीस-तीस सेटअप होतात. तुमची लांबच्या फेऱ्याची लाइन अशा वाटेने गेली असेल तर तिचं वजन किलोमीटरवरून काढू नका. ज्यांनी ती मोजली त्यांचं फील्डबुक मागून घ्या, प्रत्येक लाइनचे सेटअप मोजा, वजन 1/सेटअप घ्या आणि वरची दोन समीकरणं पुन्हा मांडा.